‘अपेक्षा’च्या रकान्यात जे लिहिलं जात नाही

वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर अगदी शेवटी ‘अपेक्षा’ नावाचा रकाना असतो. मुलाकडून तिथे बहुधा ‘सुशिक्षित, मनमिळाऊ, नोकरी करणारी पण घर सांभाळणारी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मुलीकडून ‘निर्व्यसनी, स्थिर नोकरी, स्वतःचं घर असल्यास उत्तम’. त्याच्या वरच्या ओळींमध्ये रास, नाडी, गोत्र, उंची, रंग आणि पगार येऊन गेलेले असतात. हा फॉर्म नीट वाचला तर दोन माणसांची ओळख होत नाही, दोन कामांची वाटणी मात्र कळते. कमवायचं कुणी आणि सांभाळायचं कुणी, हे कांदेपोह्यांच्या आधीच ठरलेलं असतं. ज्या दोघांना पुढची चाळीस-पन्नास वर्षं एका खोलीत झोपायचं आहे, त्यांनी एकमेकांना जवळ कसं घ्यायचं, नको असेल तर कसं सांगायचं, दुखलं-खुपलं कुणाशी बोलायचं, यासाठी त्या कागदावर जागा नसते आणि पोह्यांच्या बैठकीत वेळ नसतो.

ही काही मूठभर घरांची गोष्ट नाही. २०११-१२ मध्ये झालेल्या ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’मध्ये विवाहित स्त्रियांना जोडीदार कुणी निवडला हे विचारलं होतं. ‘मी एकटीनं’ असं सांगणाऱ्या जेमतेम पाच टक्के निघाल्या. मुलीचा होकार विचारण्याची पद्धत गेल्या काही दशकांत वाढली आहे, साखरपुड्यानंतर फोनवर तासन्‌तास बोलणंही आता सर्वमान्य आहे. त्या बोलण्यात आवडता सिनेमा येतो, फिरायला कुठे जायचं ते येतं, बॉसच्या तक्रारी येतात. पण नवरा म्हणून काय करायचं आणि बायको म्हणून काय करायचं, ही वाटणी त्या फोनवर क्वचितच उलगडली जाते. ती दोघांनीही आपापल्या घरात, आपल्या आईवडिलांकडे बघत, न बोलता शिकलेली असते.

मराठीत या शिकवणीची एक फार स्पष्ट नोंद आहे. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. रमाबाईंचं लग्न १८७३ च्या डिसेंबरात झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद रानडे एकतीस संपवून बत्तिशीला टेकलेले. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाई केली, आणि सुधारक म्हणवणाऱ्या मुलाने वडिलांपुढे मान तुकवली. सासरी निघालेल्या रमाबाईंना त्यांच्या वडिलांनी जवळ बसवून जो उपदेश केला, त्याचा सारांश असा होता: घरात माणसं पुष्कळ असतील, काही झालं तरी सोसायचं, उलट बोलायचं नाही आणि कुणाचीही गाऱ्हाणी नवऱ्याच्या कानावर घालायची नाहीत.

हा उपदेश प्रेमापोटी होता, यात शंका नाही. एकत्र कुटुंबात लेकीचा निभाव लागावा म्हणून बापाने दिलेली ती शिदोरी होती. पण तिचा परिणाम काय होतो पाहा. नवरा हा घरातला एकमेव माणूस, ज्याच्याशी पुढे बोलणं होऊ शकलं असतं, आणि नेमकी तीच वाट आधीच बंद केलेली. पुढे घरातल्या बायकांनी शिकण्यावरून रमाबाईंना टोचून टोचून खाल्लं, तरी त्या वडिलांच्या शब्दाला जागल्या. बायकोने नवऱ्याशी काय बोलायचं नाही, ही सूचना तिला माहेरहून मिळते आणि ती चांगुलपणाची खूण मानली जाते. म्हणून ती मोडणं इतकं अवघड असतं. बोलली तर आपण वाईट ठरू, एवढीच भीती असती तर एक वेळ चाललं असतं. इथे आईवडिलांचं वळण वाईट ठरतं.

त्याच पुस्तकात याच्या अगदी उलट जाणारा एक क्षणही आहे. लग्नाच्या दिवशीच रानड्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला विचारलं, की मी कोण, माझं नाव काय, हे तुला माहीत आहे का. तिने ऐकलेलं नाव सांगितलं. मग त्यांनी तिच्या घरचं विचारलं, लिहिता-वाचता येतं का ते विचारलं आणि तिचं शिक्षण सुरू केलं. वयाचं आणि अधिकाराचं प्रचंड अंतर असलेलं हे नातं होतं, ते आजच्या मोजमापाने बरोबरीचं म्हणता येत नाही. पण एका नवऱ्याने पहिल्या भेटीत आज्ञा न देता प्रश्न विचारला, आणि बायकोने त्याला त्याच्या नावासकट उत्तर दिलं, हे त्या काळात किती विरळा होतं, हे रमाबाईंना सदतीस वर्षांनंतरही ते लिहावंसं वाटलं यावरूनच कळतं.

शय्यागृहातली वाटणी घरकामाच्या वाटणीपेक्षा जास्त कडक असते. त्याने माहीतगार असायचं आणि सुरुवात करायची. तिने अजाण असायचं आणि ‘नाही’ म्हणायचं नाही, पण ‘हो’सुद्धा फार मोकळेपणाने म्हणायचं नाही. तिने स्वतःहून हात पुढे केला तर ‘हिला हे कुठून माहीत’ हा प्रश्न उभा राहतो. त्याने ‘मला नीट माहीत नाही’ म्हटलं तर त्याच्या पुरुषपणावर शंका येते. म्हणजे एकाने विचारायचं नाही, कारण त्याला ठाऊक असायला हवं, आणि दुसरीने सांगायचं नाही, कारण तिला ठाऊक असता कामा नये. दोन प्रेमळ, समंजस माणसांनाही या चौकटीत गप्प बसावं लागतं. त्यांच्यात बोलायची इच्छा असते, पण बोलायला ज्या जागेवर उभं राहावं लागतं ती जागाच त्यांना दिलेली नसते.

पुरुषांचं ठाऊक असणं किती पोकळ असतं, हे र. धों. कर्वे यांना शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते चाललं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना कर्वे नाव न देता, आडपडदा न ठेवता उत्तरं देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. पण प्रश्न विचारणारे थांबले नाहीत. ज्यांनी घरात सगळं माहीत असल्याचा आव आणायचा असतो, ते अनोळखी संपादकाला टपालाने विचारत होते.

आज टपालाची जागा मोबाइलने घेतली आहे. मुंबईच्या लोकलच्या डब्यात, एस. टी. स्टँडच्या मुताऱ्यांच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, कमजोरी, शीघ्रपतन’ असे कागद चिकटवलेले दिसतात, ते कुणीतरी वाचतं म्हणूनच चिकटवले जातात. वीर्य गेलं की ताकद गेली, ही धास्ती इतकी पसरलेली आहे, की प्रा. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला मानसोपचाराच्या भाषेत ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. त्यात शरीराला आजार नसतो, पण माणूस खंगत जातो. अशा माणसाचं लग्न ठरतं तेव्हा तो ही भीती कुणालाही सांगत नाही, होणाऱ्या बायकोला तर नाहीच. पहिल्या रात्री तो परीक्षेला बसतो आणि ती निकालाला सामोरी जाते. दोघांनाही असं वाटत असतं, की समोरच्याला भीती वाटत नाही.

पुढे काय होतं, ते वंध्यत्वावर उपचार करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ चांगलं ओळखतात, कारण गोष्ट जवळपास ठरलेल्या पायऱ्यांनी त्यांच्यापर्यंत येते. लग्नाला वर्ष-दीड वर्ष होतं. सासूबाई ‘गोड बातमी’ विचारू लागतात. सून डॉक्टरकडे नेली जाते, बरोबर सासू किंवा नणंद असते, नवरा कामावर. पाळी नियमित आहे का, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी, सगळ्या तपासण्या तिच्या. त्या नॉर्मल येतात. मग गोळ्या सुरू होतात. कित्येक महिन्यांनी एखाद्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारतात, की संबंध नीट होतात का. ती आधी ‘हो’ म्हणते. प्रश्न पुन्हा, जरा वेगळ्या शब्दांत विचारला की रडू फुटतं. दीड वर्षात एकदाही पूर्ण समागम झालेला नसतो. मूल होत नाही म्हणून उपचार चालू आहेत, आणि मूल होण्यासाठी जे व्हावं लागतं तेच झालेलं नाही, हे दोन डॉक्टर, एक सोनोग्राफी सेंटर आणि अख्खं कुटुंब यांपैकी कुणालाही ठाऊक नसतं. त्या दोघांना ठाऊक असतं, पण त्यांनीही ते एकमेकांशी कधी बोललेलं नसतं.

याची शारीरिक कारणं साधी आहेत. पहिल्या प्रयत्नात घाई झाली, ओलावा नव्हता, खूप दुखलं. दुसऱ्या वेळी नुसत्या आठवणीनेच योनीमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो तेच हे स्नायू, फक्त इथे ते तिच्या इच्छेवर चालत नाहीत. पापणीजवळ बोट आलं की डोळा मिटावा तसं हे होतं. वैद्यकात याला व्हजायनिस्मस म्हणतात. तिकडे त्याला दोन-तीनदा अपयश आलं की तो मनातल्या मनात स्वतःवर लक्ष ठेवायला लागतो, जमेल की नाही, आणि त्या काळजीनेच ताठरता येत नाही. सकाळी उठताना ती नेहमीसारखी येत असेल तर डॉक्टर समजतात, की शरीर ठीक आहे, घोळ धास्तीचा आहे. तरी मधुमेह किंवा रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम नाही ना, हे तपासून घ्यावंच लागतं.

बाहेरून या गोष्टीची चाहूल फार लवकर लागू शकते, पण ती भलत्या नावाने ओळखली जाते. ती रात्री ओटा आवरायला उशीर लावते, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत बसते, आणि घरचे म्हणतात सून कामसू आहे. तो ऑफिसातून उशिरा येतो, घरी आला की मोबाइल घेऊन बसतो, आणि घरचे म्हणतात बिचारा दमतो. दोघंही आपापली नेमून दिलेली भूमिका वाजवीपेक्षा जास्त चांगली वठवत असतात, म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

उपचाराची पद्धत मात्र या भूमिकांच्या मुळावरच जाते, आणि तीच या सगळ्यातली सर्वांत सांगण्यासारखी गोष्ट आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ‘सेन्सेट फोकस’ नावाचा स्पर्शाचा अभ्यास मांडला. थोडाफार बदलून तो आजही जगभर आणि आपल्याकडेही वापरला जातो. पहिली अट अशी, की काही आठवडे समागम पूर्ण बंद. नवऱ्याच्या डोक्यावरून परीक्षा उतरते, बायकोच्या डोक्यावरून निकाल. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्धा-पाऊण तास, दोघांनी आळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा. सुरुवातीला फक्त हात, पाठ, केस, पाय, चेहरा. स्तन आणि जननेंद्रियं वगळून. ज्याला स्पर्श होतो आहे त्याने काही करायचं नाही, फक्त काय वाटतंय याकडे लक्ष द्यायचं आणि नकोसं वाटलं तर सांगायचं. काही आठवड्यांनी मनाई थोडी सैल होते आणि संपूर्ण शरीराला स्पर्श करायची मुभा मिळते, पण समागमाची बंदी तशीच राहते. ती सगळ्यांत शेवटी उठते.

याच्या जोडीला ती एकटीने ते स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम शिकते, मग स्वतःचं बोट किंवा करंगळीएवढ्या जाडीपासून सुरू होणाऱ्या गुळगुळीत नळ्या वापरते. पुढची नळी कधी घ्यायची हे ती ठरवते, डॉक्टर किंवा नवरा नाही. पुढे समागमाची वेळ येते तेव्हाही गती आणि खोली तिच्या हातात ठेवायला सांगतात.

कागदावर हे सोपं दिसतं. पण नेमकं अडतं कुठे ते पाहण्यासारखं आहे. आळीपाळीने सुरुवात करायची म्हणजे निम्म्या वेळा बायकोने सुरुवात करायची असते. तिच्यावर पाळी आली, की ती ‘आज राहू दे’ म्हणते किंवा त्याच्या इशाऱ्याची वाट बघत बसते. ‘तुला काय आवडलं’ या प्रश्नावर ‘तुम्हाला जे आवडेल ते’ असं उत्तर येतं. नवऱ्याची अडचण त्याच्या उलट. निम्म्या वेळा त्याने पडून राहायचं, काही करायचं नाही, कुणीतरी आपल्याला जपतंय हे सोसायचं असतं, आणि त्यात त्याला कमालीची अस्वस्थता येते. तो उठून बसतो, मस्करी करतो, नियम मोडून पुढे जाऊ पाहतो. शरीराच्या दुखण्यावर नियमित सराव आणि थोडी सबुरी ठेवली तर बहुतेक वेळा चांगला उतार पडतो. इथे जास्त वेळ जातो तो बाईने ‘मला हवं आहे’ म्हणण्यात आणि पुरुषाने ‘मला जमत नाहीये’ म्हणण्यात.

आणि त्याआधी जागेचा प्रश्न असतोच. पाऊण तास निवांत बसायला दाराला कडी लागणारी खोली लागते. दीड खोलीच्या घरात, पडद्यापलीकडे दीर झोपलेला असताना, मधल्या खोलीत सासूचा खोकला ऐकू येत असताना जवळीक ही घाईने, अंधारात, आवाज न करता उरकायची गोष्ट बनते. जिथे हुंकारालाही बंदी आहे तिथे बोलणं कुठून येणार? समुपदेशक अशा जोडप्यांना कधी दुपारी सासरची मंडळी बाहेर असतानाची वेळ ठरवून देतात, कधी चार दिवस कुठेतरी जायला सांगतात. पण त्यासाठीही घरात काहीतरी कारण सांगावं लागतं, आणि ते कुणी सांगायचं यावर दोघांत पुन्हा शांतता पसरते.

भावनेची वाटणीही अशीच आधी झालेली असते. पुरुषाने जबाबदारी पार पाडली की प्रेम व्यक्त झालं, असं तो शिकलेला असतो. हप्ता फेडला, मुलांची फी भरली, आजारपणात रिक्षा करून दवाखान्यात नेलं. बाईने सेवा केली की तिचं प्रेम व्यक्त झालं. त्याच्या आवडीची भाजी, इस्त्रीचा शर्ट, त्याच्या आईची औषधं. दोघंही मनापासून देत असतात, पण दोघांनाही जे हवं असतं ते समोरच्याच्या यादीत नसतं. तिला त्याने दिवसभर काय झालं ते विचारायला हवं असतं. त्याला, आपण हरलो तरी आपली किंमत कमी होणार नाही, एवढं कुणीतरी सांगायला हवं असतं. यातलं काहीच मागता येत नाही, कारण मागून मिळालं तर ते खरं नाही, न सांगता कळायला हवं, अशी समजूत दोन्ही बाजूंना असते. लग्नाच्या आधीपासून वर्षानुवर्षं ओळख असलेल्यांना कदाचित काही गोष्टी न सांगता कळत असतील. ज्यांनी एकमेकांना दोन बैठकांत पाहिलं, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं फार कठोर आहे.

शिवाय बोलायला वेळ आणि अंगात त्राण लागतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ८८ मिनिटं. रोज जवळपास पाच तास राबलेली बाई रात्री अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा तिला झोप हवी असते. त्याला वाटतं, हिला माझ्यात रस नाही. तिला वाटतं, याला दिवसभर मी दिसले नाही, आत्ता दिसले. त्याने संध्याकाळी पोळ्या लाटल्या असत्या तर रात्रीचं चित्र बदललं असतं, हे त्याच्या डोक्यात येत नाही, कारण स्वयंपाकघर आणि शेजघर यांचा संबंध आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग नकार कसा द्यायचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं, की संबंध नको असतील तर आम्ही नवऱ्याला नाही म्हणू शकतो. गोव्यात हे प्रमाण ९२ टक्के, देशात सर्वांत जास्त. हा आकडा आनंदाचा आहे. पण प्रत्यक्ष नकार कोणत्या शब्दांत दिला जातो, हे आकड्यात दिसत नाही. ॲनी जॉर्ज यांनी नव्वदच्या दशकात मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या नवरा-बायकोंशी या विषयावर बोलून जो अभ्यास केला, तशा अभ्यासांमधून नकाराच्या आडवाटा पुढे येतात. डोकं दुखतंय, पाळी आली आहे, बाळ जागं आहे, उपास आहे. मूल मध्ये घेऊन झोपणं हा तर आपल्याकडच्या घराघरांत समजणारा नकार आहे. या सगळ्यात ‘मला आज नको आहे’ एवढं एकच वाक्य टाळलेलं असतं. कारण सांगितलं की नकार शरीराचा होतो, तिचा राहत नाही.

या आडवाटेची किंमत मोजावी लागते. नवऱ्याला खरं काय ते कळतच नाही. घाई नको आहे, दुखतंय, दिवसा केलेला अपमान अजून मनात आहे, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि समजूतदार नवऱ्यालाही सुधारायची संधी मिळत नाही. आणि नवरा समजूतदार नसेल तर डोकेदुखीची सबब त्याला अडवत नाही. त्याच पाहणीत नवऱ्याच्या किंवा कुणाच्याही हिंसेला तोंड दिलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रिया कधी कुणाशी बोलल्याही नव्हत्या. कायद्याची साथही अर्धवट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधला अपवाद अठरा वर्षांवरच्या पत्नीशी नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार मानत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा मात्र लैंगिक छळाला हिंसा म्हणतो आणि संरक्षण देतो. महाराष्ट्रात पोलीस यंत्रणेच्या आत महिलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, ज्याची सुरुवात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर केली. तिथे येणारी बाई सहसा मारहाण सांगते, पैसे सांगते, सासू सांगते. रात्रीचं सगळ्यांत शेवटी, आणि तेही विचारलं तर.

गप्प राहण्याची सवय शरीरावर कशी साठत जाते, हे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतल्या अभ्यासाने जगाला दाखवलं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी आग होणं हे बाईचं भोगच, असं मानून त्या संसार करत होत्या. यातले काही आजार नवरा-बायको दोघांनी औषध घेतल्याशिवाय बरे होत नाहीत. तिने औषध घेतलं आणि त्याने घेतलं नाही तर संसर्ग पुन्हा तिच्याकडे येतो. म्हणजे बरं व्हायचं तर आधी नवऱ्याला सांगावं लागतं, आणि तिथेच उपचार अडकतो.

मुलं झाल्यावर पुढच्या निर्णयाची वेळ येते तेव्हा ही वाटणी आकड्यांतच दिसते. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची, ४९ टक्क्यांची, नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या जोडप्यांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यातच देशभरातल्या ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं, की संततिनियमन ही बाईची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही. बाईची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीने होते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. ताठरता, इच्छा, वीर्य बाहेर येणं, सगळं पहिल्यासारखं राहतं, कारण शुक्रजंतू नेणारी नळी तेवढी बंद होते आणि संप्रेरकं रक्तातून पहिल्यासारखीच वाहत राहतात. फक्त तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची.

गावात नसबंदीची गोष्ट काढायला आशाताई घरी येते, ती दुपारी, बाई एकटी असताना. चहा होतो, ‘कधी करायचं ऑपरेशन’ एवढंच विचारलं जातं. कुणाचं, हे विचारायची गरज तिलाही वाटत नाही. मुंबईतली ‘मावा’ ही पुरुषांबरोबर काम करणारी संस्था १९९३ पासून तरुण मुलांच्या गटांत मर्दानगी, लग्न, शरीर आणि नकार यांवर बोलणं घडवून आणते. अशा गटातून आलेला नवरा आशाताई येईल त्या दुपारी घरी थांबला आणि ‘माझं करायचं म्हटलं तर कुठे जायचं’ असं त्यानेच विचारलं, तर बायकोला त्याच्याशी आणखी काय काय बोलता येईल, हे बघायला मिळणारी घरं अजून फार थोडी आहेत.